घरातलंच मूल दत्तक घेताना: जमीन, वारसा आणि आईवडिलांचे हक्क (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी वकिली करते. दत्तकाचा विषय घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी संस्थेतून मूल आणलेलं नसतं. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची शेतकरी कुटुंबं असतात. थोरल्याला मूलबाळ नाही म्हणून धाकट्याचा मुलगा घेतला, बहिणीची मुलगी घेतली, आणि आता कुणीतरी वारलंय. पिशवीत सातबारा असतो, मृत्यूचा दाखला असतो आणि प्लास्टिकच्या पाकिटात एक जुना फोटो असतो. त्यामुळे इथले प्रश्न मुख्यतः नात्यातल्या दत्तकाबद्दल आहेत. संस्थेतल्या दत्तकाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पुतण्याला दत्तक घ्यायचं तर कोर्टात जावं लागतं का?

हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख कुटुंब असेल, मुलाचे जन्मदाते हयात असतील आणि दोघेही राजी असतील, तर नाही. अशा दत्तकाला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ लागू होतो आणि त्यात कोर्टाचा हुकूम ही अट नाही. दत्तक होतो तो देण्या-घेण्याने. जन्मदात्यांनी मूल खरोखर द्यायचं आणि घेणाऱ्यांनी खरोखर घ्यायचं. आपल्याकडे मुलाला मांडीवर बसवतात, तेच ते. दत्तहोम केलाच पाहिजे असं नाही, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. उलट होम झाला, जेवणावळ झाली, पण मूल दिल्या-घेतल्याचं कुणी सांगू शकत नसेल, तर तो दत्तक कोर्टात टिकत नाही.

अटी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला मुलगा, नातू किंवा पणतू (मुलाच्या बाजूने) हयात नसावा. मुलगी घ्यायची असेल तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. म्हणजे एक मुलगी असलेलं जोडपं मुलगा दत्तक घेऊ शकतं. पुरुष मुलगी घेणार असेल किंवा स्त्री मुलगा घेणार असेल, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं.

सर्वांत जास्त दत्तक कोसळतात ते संमतीवर. नवऱ्याने घ्यायचं तर बायकोची संमती लागते. २०१० च्या दुरुस्तीपासून विवाहित स्त्रीही स्वतः दत्तक घेऊ शकते, तिला नवऱ्याची संमती लागते. देणाऱ्या बाजूलाही आई आणि बाप दोघांची संमती हवी. "ती समोरच बसली होती की" हे उत्तर पुरत नाही. बायको समारंभाला नुसती हजर होती एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घीसालाल विरुद्ध धापूबाई या खटल्यात सांगितलं. मला हा निकाल फार योग्य वाटतो. मूल देणारी आई घुंघट ओढून कोपऱ्यात बसलेली असते, तिला कुणी विचारलेलंच नसतं, असे फोटो मी पाहिले आहेत.

मुलाचं वय किती चालतं? आमचा तर लग्न झालेला आहे.

कायदा म्हणतो, १५ वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि लग्न झालेलं नसावं. पण पुढेच असंही म्हणतो की, तशी रूढी असेल तर चालेल. जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाचा, अगदी लग्न झालेलाही, दत्तक घेण्याची रूढी होती आणि कोर्टांनी ती मान्य केलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दाव्यात ती उचलून धरली. त्यामुळे नाशिकमध्ये मोठ्या वयाचा दत्तक केवळ वयामुळे रद्द ठरत नाही. फक्त रूढीचा आधार घेतोय हे दाव्याच्या कैफियतीत लिहावं लागतं. लिहिलं नाही आणि समोरच्याने वयावर बोट ठेवलं, तर उगाच धावपळ होते.

दत्तक दिल्यावर मुलाचा जन्मघरच्या जमिनीत हिस्सा राहतो का?

माझ्याकडे हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सावकाश सांगते.

दत्तकाच्या दिवशी मुलाचं जन्मघराशी असलेलं कायद्याचं नातं तुटतं आणि नव्या घराशी जुळतं. रक्ताचं नातं म्हणून फक्त लग्नाची मनाई उरते. जन्मघरात ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. मालमत्तेच्या बाबतीत कायदा एकच गोष्ट पाहतो: त्या दिवशी सकाळी मुलाच्या मालकीचं काय होतं? जे होतं ते त्याचंच राहतं, त्यावर काही बोजा किंवा जबाबदारी असेल तर तिच्यासकट. पुढे कधीतरी वारसाने मिळेल असं जे वाटत होतं, ते संपतं.

एक उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातले दोन भाऊ. दोघांनी आपापली जमीन आपल्या कमाईतून खरेदीखताने घेतलेली. थोरल्याची ४ एकर, त्याला मूल नाही. धाकट्याची ६ एकर, घरात बायको, दोन मुलं, एक मुलगी. २०१७ मध्ये थोरल्याने आणि त्याच्या बायकोने धाकट्याचा लहान मुलगा दत्तक घेतला, तेव्हा तो ९ वर्षांचा होता. त्याआधी २०१५ मध्ये मुलाची आईकडची आजी वारली होती आणि मृत्युपत्राने २० गुंठे या नातवाच्या नावावर ठेवून गेली होती. भावांची आई आधीच वारलेली आहे.

ते २० गुंठे दत्तकाच्या दिवशी मुलाचे झालेले होते, म्हणून ते त्याच्याबरोबर जातात. जन्मबापाला किंवा सख्ख्या भावाला ते परत मागता येत नाहीत.

२०२२ मध्ये थोरले वारले, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा आणि मुलगा हे दोघेही पहिल्या वर्गातले वारस, म्हणून २ एकर बायकोला आणि २ एकर दत्तक मुलाला. पोटच्या मुलाला मिळालं असतं तेवढंच. पुढे ही आई वारली आणि तिनेही मृत्युपत्र केलेलं नसलं, तर तिचे २ एकरही याच मुलाकडे येतात.

२०२४ मध्ये धाकटे वारले. त्यांच्या ६ एकरांचे वारस तिघे: बायको, थोरला मुलगा आणि मुलगी. प्रत्येकी २ एकर. दत्तक गेलेला मुलगा या यादीत नाही. घोळ नेमका इथे होतो. शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर त्याचं जुनंच नाव राहिलेलं असतं, मग वारस नोंदीच्या अर्जात चौघांची नावं जातात आणि प्रत्येकी दीड एकराचा हिशोब होतो. तिघांचंही प्रत्येकी अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे, कमी होतं. द्राक्षबागेत २० गुंठे किती असतात हे निफाडच्या माणसाला सांगायला नको. बऱ्याचदा यात कुणाचीही वाईट इच्छा नसते, फक्त कागद जुना असतो.

जन्मबापाला तरीही त्या मुलाला काही द्यायचं असेल तर?

देता येतं. मृत्युपत्र करावं किंवा हयातीतच बक्षीसपत्र करावं. तुटतो तो वारसाहक्क, द्यायची मुभा तुटत नाही. स्वकष्टाची जमीन ज्याला द्यावीशी वाटते त्याला देता येते. मात्र नुसतं "तुझंही आहेच रे" असं म्हणून ठेवलं, तर पुढे त्याला किंमत राहत नाही.

जमीन वडिलोपार्जित असेल तर?

नव्या घराच्या बाजूने उत्तर सोपं आहे. दत्तक बापाकडे वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल, तर दत्तकाच्या दिवसापासून मूल त्यात हिस्सेदार होतं, पोटचं असतं तसंच. मुलगी दत्तक घेतली तरीही हेच, कारण २००५ पासून मुलगी जन्माने हिस्सेदार आहे.

जन्मघराच्या बाजूने मात्र गुंता आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हिस्सा असतो. मग तो हिस्सा दत्तकाच्या दिवशी "त्याच्या मालकीचा" होता का? इथे उच्च न्यायालयांचं एकमत नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने पूर्वी तो हिस्सा मुलाबरोबर जातो असं मानलं होतं. २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उलट सांगितलं: दत्तकापूर्वी वाटणी होऊन हिस्सा मुलाच्या हाती आलेला नसेल, तर दत्तकानंतर त्याला जन्मघरात हिस्सा मागता येत नाही.

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो. मुलाला जन्मघरातलं काही द्यायचं ठरलं असेल, तर दत्तकाआधी नोंदणीकृत वाटणीपत्र करून ते त्याच्या नावे लावा. द्यायचं नसेल, तर दत्तकपत्रात तसं स्पष्ट लिहा. दोन्ही घरं आज गुण्यागोविंदाने नांदतायत म्हणून हे लिहायचं टाळू नका. नांदतायत तोवरच हे शांतपणे लिहिलं जातं.

दत्तक बाप सगळी जमीन दुसऱ्याला देऊन टाकू शकतो का?

स्वतःच्या मालकीची असेल तर हो. दत्तक घेतल्याने विकण्याचा किंवा मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही. दत्तकापूर्वी केलेलं मृत्युपत्रही दत्तकामुळे आपोआप रद्द होत नाही, आणि ही गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. दहा वर्षांपूर्वी पुतणीच्या नावे मृत्युपत्र केलं, मग मुलगा दत्तक घेतला आणि जुना कागद कपाटात तसाच राहिला, तर बाप गेल्यावर तोच कागद बोलतो.

यावर उपाय कायद्यातच आहे. दत्तक घेताना दोन्ही बाजूंना करार करता येतो की, घेणारा अमुक मिळकत दुसऱ्याला देणार नाही. मूल देणाऱ्या आईवडिलांनी ही अट मागितली, तर त्यांना लोभी म्हणू नये. आपलं मूल दुसऱ्याच्या घरात जाताना त्याच्या पायाखाली काहीतरी असावं, एवढंच ते मागत असतात. पण मूल देण्याच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाच्या हिताचा करार आणि स्वतःच्या खिशातला पैसा या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

दत्तक घेतल्यावर आम्हाला स्वतःचं मूल झालं. आता?

आता दोन मुलं. वारशात दोघांचा वाटा सारखा. जुन्या हिंदू कायद्यात पाठीमागून औरस मुलगा झाला की दत्तकाचा वाटा कमी व्हायचा. खेड्यात अजून काही मंडळी तेच धरून बसतात. १९५६ नंतर तसं काही राहिलेलं नाही.

नवरा वारल्यावर विधवेने दत्तक घेतला तर तो मुलगा नवऱ्याचाही वारस होतो का?

नात्याने तो गेलेल्या नवऱ्याचाही मुलगा मानला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलं आहे. आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण असंच आहे. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवेने, जमनाबाईंनी, दत्तक घेतला. तेच सयाजीराव गायकवाड.

पण आजच्या कायद्यात एक मोठी अट आहे. दत्तकाआधी जी मिळकत कुणाच्या मालकीची होऊन गेली आहे, ती दत्तक मुलाला काढून घेता येत नाही. समजा नवरा २०१८ मध्ये वारला, त्याची स्वकष्टाची ३ एकर बायको, मुलगी आणि त्याची आई यांच्यात एकेक एकर वाटली गेली आणि बायकोने २०२१ मध्ये मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा बहिणीकडे किंवा आजीकडे गेलेलं एक एकर परत मागू शकत नाही. आईचं एक एकर तिच्या पश्चात त्याच्याकडे येऊ शकतं, तेही बहिणीबरोबर वाटून. इथेही दिवसच ठरवतो.

पेन्शनचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांखाली कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेने दत्तक घेतलेल्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. तो खटला नागपूरच्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या घरातला होता.

मुलाचे आईबाप दोघेही वारलेत. काकाने सांभाळलं. काका त्याला दत्तक घेऊ शकतो ना?

घेऊ शकतो, पण इथे मात्र कोर्टाची आगाऊ परवानगी लागते. मूल द्यायला आई किंवा बाप नसतील, तर पालकच देऊ शकतो, मग तो मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारा असो, मृत्युपत्राने नेमलेला असो की कोर्टाने नेमलेला, आणि तोही जिल्हा न्यायालयाची परवानगी घेऊन. कोर्ट पाहतं की हे मुलाच्या भल्याचं आहे का, मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा काय आहे, आणि कुणी पैशासाठी हे करत नाही ना.

मी पाहिलेलं एक प्रकरण सांगते, नावं बाजूला ठेवून. काकांनी अनाथ पुतण्याला दहा वर्षं पोटच्यासारखं वाढवलं. स्टॅम्पपेपरवर "मी यास दत्तक घेत आहे" असं लिहून नोटरी केली. देणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे कागदावर सही एकट्या काकांची. काका गेल्यावर दुसऱ्या चुलत्याने हरकत घेतली आणि दत्तक टिकला नाही. काकांनी एक साधं मृत्युपत्र केलं असतं, तरी जमीन त्या मुलाला मिळाली असती. तो मुलगा माझ्या टेबलासमोर बसून एवढंच म्हणाला, "ताई, म्हणजे मी त्यांचा कुणीच नव्हतो का?" कायद्याच्या भाषेत याचं उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही.

दत्तकपत्राची नोंदणी करायलाच हवी का?

सक्ती नाही, पण केल्याशिवाय राहू नका. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं आणि देणारे-घेणारे दोघांच्याही सह्या असलेलं दत्तकपत्र असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झाला असं कोर्ट धरून चालतं. खोटं असेल तर ते सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर जातो. फक्त घेणाऱ्याची सही असेल, तर हा फायदा मिळत नाही. नोटरीच्या कागदाला तर मिळतच नाही. कागद सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

चारही जणांच्या सह्या घ्या: देणारी आई, देणारा बाप, घेणारी आई, घेणारा बाप. पत्रात दत्तकाची तारीख, ठिकाण, मांडीवर कुणी बसवलं, कोण हजर होतं हे लिहा. विधी आधी झाला असेल तर ती जुनी तारीख लिहा, नोंदणीची नव्हे, कारण हक्क सुरू होतात ते विधीच्या दिवसापासून. फोटो काढून ठेवा आणि फोटोत देणारे दोघेही दिसतील असं पाहा. एका दाव्यात आमच्याकडे एकच फोटो होता. देवघरापुढे पाट, पाटावर नवं लुगडं नेसलेली आई, मांडीवर मुंडावळ्या बांधलेला पाच वर्षांचा मुलगा, आणि मुलाच्या खांद्यावर फ्रेमच्या कडेने आलेला एक हात. तो हात जन्मदात्या आईचा होता. मनगटावरच्या हिरव्या चुड्यावरून आणि गोंदणावरून तिच्या बहिणीने साक्षीत तो ओळखला. पूर्ण बाई फ्रेममध्ये आली असती, तर दीड वर्ष वाचलं असतं.

सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं?

दत्तक बाप वारल्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि नोंदणीकृत दत्तकपत्र जोडा. फेरफार नोंद धरली की नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली, तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते.

एक ध्यानात ठेवा. महसूल अधिकारी दत्तक खरा की खोटा हे कायमचं ठरवू शकत नाहीत. ते काम दिवाणी न्यायालयाचं. फेरफार नामंजूर झाला म्हणून हक्क जात नाही आणि मंजूर झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ज्याला दत्तक नाकारायचा आहे, त्याला तो कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो.

त्याच सुमारास शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि बँक खातं यांवरचं बापाचं नाव बदलून घ्या. खरं तर हे दत्तकाच्या वर्षीच करायचं काम आहे.

दत्तक दिल्यावर जन्मदात्या आईवडिलांना मुलावर काही हक्क राहतो का?

कायद्याने नाही. अज्ञान मुलाचं पालकत्व दत्तकाच्या दिवशी दत्तक बापाकडे आणि त्याच्या पश्चात दत्तक आईकडे जातं. शाळा कुठली, दवाखाना कुठला, मूल कुठे राहील, हे तेच ठरवतात. भेटायला येऊ दिलं नाही, तर जन्मदात्यांना पालक म्हणून हट्ट धरता येत नाही. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन भावांच्या घरात हे सर्वांत जड जातं. मूल समोरच्या ओट्यावर खेळत असतं आणि त्याच्या वहीवर सही करायचा अधिकार दुसऱ्याचा असतो. मूल द्यायच्या आधी आईला हे पुन्हा पुन्हा, एकटीला बसवून, समजावून सांगा अशी माझी विनंती असते.

दत्तक आईबापांचा घटस्फोट झाला, तरी मूल दोघांचंच राहतं आणि ताबा कुणाकडे हे कोर्ट मुलाचं हित पाहून ठरवतं. दोघेही वारले, तरी मूल आपोआप जन्मदात्यांकडे परत येत नाही. त्यांना त्याचा सांभाळ करायचा असेल, तर कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं.

म्हातारपणी मुलाने सांभाळायचं तेही दत्तक आईवडिलांनाच. मात्र २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात "आईवडील" या शब्दात जन्मदाते, दत्तक आणि सावत्र असे सगळे येतात. त्यामुळे त्या कायद्याखाली अर्ज आला, तर "मी दत्तक गेलोय" एवढं म्हणून गप्प बसू नका, वकिलाला दाखवा.

पटत नाही म्हणून दत्तक मोडता येतो का?

नाही. रीतसर झालेला दत्तक घेणाऱ्याला, देणाऱ्याला किंवा मोठं झाल्यावर मुलालाही मोडता येत नाही. "दत्तक रद्दपत्र" म्हणून नोंदवलेले कागद मी पाहिले आहेत, त्यांना अर्थ नसतो. मुळात दत्तक झालाच नव्हता, म्हणजे संमती नव्हती किंवा देणं-घेणं झालंच नव्हतं, असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. ती वेगळी गोष्ट आहे.

आम्ही पेठ-सुरगाण्याकडचे, आदिवासी आहोत. आम्हालाही हेच लागू आहे का?

नाही. हे नाशिक जिल्ह्यात फार कमी जणांना माहीत असतं. हिंदू दत्तक कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा हे दोन्ही अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाहीत. कोकणा, महादेव कोळी, वारली अशा समाजांत दत्तक आणि वारसा जमातीच्या रूढीवर ठरतो. ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते: जुनी उदाहरणं, जाणत्या लोकांच्या साक्षी, जुने फेरफार. म्हणून दत्तकाबरोबर मृत्युपत्र करून ठेवणं इथे अधिकच गरजेचं. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरावर वेगळे निर्बंध आहेत, तेही आधी तपासून घ्या.

आम्ही मुस्लिम किंवा ख्रिस्ती आहोत, किंवा संस्थेतून मूल घ्यायचंय. मग?

तेव्हा रस्ता बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्यात कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या बाल न्याय कायद्याखाली २०१४ मध्येच स्पष्ट केलं होतं. इथे केंद्रीय संकेतस्थळावर नोंदणी, घरभेट आणि दत्तकाचा अधिकृत आदेश या पायऱ्या असतात. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आदेश लागू होतो त्या तारखेपासून मूल सर्व बाबतीत, मृत्युपत्राविना होणाऱ्या वारशासह, दत्तक आईवडिलांचं होतं आणि आधीच त्याच्या मालकीचं असलेलं त्याचंच राहतं. मुस्लिम कुटुंबात मात्र वैयक्तिक कायद्याच्या आधारे नातेवाईक वारसाहक्कावर वाद घालू शकतात. म्हणून हयातीतच हिबा करून मिळकतीचा ताबा मुलाला द्यावा असं मी सुचवते.

माझ्याकडे फक्त जुना फोटो आणि लग्नपत्रिका आहे, दत्तकपत्र नाही. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. दत्तक तोंडीही होतो, सिद्ध करणं तेवढं जास्त जड जातं. लग्नपत्रिकेवर बाप म्हणून कुणाचं नाव छापलंय ते पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा, सोसायटीच्या कर्जखात्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते शोधा, अग्नी कुणी दिला ते आठवणाऱ्या माणसांची नावं लिहा. विधीला हजर असलेलं कुणी हयात असेल, तर त्यांच्याकडे आधी जा. आणि देणारे-घेणारे चौघेही अजून हयात असतील, तर येत्या आठवड्यातच सगळ्यांना दुय्यम निबंधकांकडे न्या. विधी वीस वर्षांपूर्वी झाला असला तरी त्याची हकिगत लिहिलेलं पत्र आजही नोंदवता येतं.